शेकडो पानांचा अहवाल, एक पान आणि वीस बायांची चित्रे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचा अहवाल इंग्रजीत आणि शेकडो पानांचा आहे. तो इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतो. ज्या बायकांच्या बोटाला सुई टोचून त्यातले आकडे गोळा झाले, त्यांच्यापैकी कोणी तो उघडेल अशी शक्यता मात्र जवळजवळ नाही. त्यात त्यांची चूक नाही. सकाळी सहाला घर सोडून सातपूर-अंबडच्या कारखान्यात किंवा कोणाच्या घरी धुणीभांडी करायला जाणारी बाई रात्री टक्केवारीचे तक्ते वाचणार नाही.

आम्ही नाशिकमध्ये वस्तीपातळीवर काम करणाऱ्या तिघीचौघींनी या अहवालातला एक विषय एका पानावर आणायचे ठरवले. विषय होता अंगात रक्त कमी असण्याचा. पान विहारात, अंगणवाडीत, महिला मंडळाच्या बैठकीत भिंतीवर लागेल आणि हातातही देता येईल, एवढीच अपेक्षा होती. काम दोन दिवसांचे वाटले होते, पण बरेच लांबले. चित्र काढणे सोपे होते. काय गाळायचे आणि गाळल्यावर उरलेले खरे कसे ठेवायचे, यात सगळा वेळ गेला. आपल्या कार्यकर्त्यांपुढे असे अहवाल नेहमीच येतात, म्हणून ते काम कसे केले आणि कुठे चुकलो, ते इथे सांगत आहोत.

आधी वाचणारी ठरवा, मग आकडा

आमचा पहिला मसुदा म्हणजे अहवालाचाच लहान भाऊ होता. राज्याच्या माहितीपत्रकात १३१ निर्देशक आहेत. त्यातले 'महत्त्वाचे' म्हणून आम्ही अकरा निवडले, प्रत्येकाला एक छोटा आलेख दिला आणि पान भरून टाकले. ते पान दिसायला छान होते, पण ते पाहून कोणीही काहीही केले नसते.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. हे पान हातात घेणारी बाई उद्या सकाळी कोणती एक गोष्ट करू शकते? आमचे उत्तर होते, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घेणे आणि आलेला आकडा लक्षात ठेवणे. हे ठरल्यावर निवड आपोआप झाली. जो आकडा तिला तपासणीकडे नेतो, तो ठेवायचा. बाकीचे आकडे खोटे किंवा बिनमहत्त्वाचे नव्हते, पण या पानाचे नव्हते.

शेवटी अहवालातून दोनच आकडे उरले. २०१९ मधल्या पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के होते. तिसरा आकडा टक्केवारीचा नव्हता, मर्यादेचा होता. या पाहणीत गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त कमी धरतात. गरोदर स्त्रीसाठी ही मर्यादा ११ आहे. हा १२ चा आकडा त्या बाईच्या सर्वांत कामाचा, कारण तपासणीच्या चिठ्ठीवर तिच्या स्वतःच्या नावापुढे जो आकडा येणार आहे तो याच आकड्याशी ताडून पाहायचा असतो.

टक्के माणसांत कसे बदलावेत

'५४.२ टक्के' हे शब्द वाचता येणाऱ्यालाही डोळ्यांपुढे काही दिसत नाही. पाच-दहा माणसे दिसली की लगेच कळते. म्हणून टक्क्यांचे रूपांतर माणसांत करायचे. इथे पहिला सापळा असतो तो म्हणजे किती माणसे दाखवायची.

दहा बाया काढल्या तर ५४.२ टक्के म्हणजे साडेपाचच्याही आत. पाच रंगवल्या तर 'निम्म्या' झाल्या आणि अहवाल तर निम्म्याहून जास्त म्हणतो. सहा रंगवल्या तर आम्हीच आकडा फुगवला असे झाले. शंभर बाया काढल्या तर हिशेब बरोबर येतो, पण पानावर मुंग्यांसारखी चित्रे होतात आणि कोणी मोजत नाही. वीस काढल्या तर ५४.२ टक्के म्हणजे १०.८, म्हणजे अकरा. मुलांचे ६८.९ टक्के म्हणजे १३.८, म्हणजे चौदा. दोन्ही ठिकाणी फरक अगदी थोडा आणि दोन्ही चित्रे एकाच मापाची. म्हणून आम्ही वीस धरले. दहा-दहाच्या दोन ओळी काढल्या की पहिली ओळ पूर्ण रंगते आणि दुसऱ्या ओळीत एक बाई जास्त येते. 'निम्म्याहून जास्त' ही गोष्ट न मोजताही दिसते.

दुसरा सापळा चित्राच्या आकाराचा आहे. मोठा आकडा दाखवायला मोठी बाई आणि लहान आकडा दाखवायला लहान बाई काढण्याचा मोह होतो. चित्राची उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते, म्हणजे कागदावरची जागा चौपट होते. डोळा जागा बघतो, उंची नाही. आकडा दुप्पट असला तरी बघणाऱ्याला चौपट भासतो. व्हिएन्नामध्ये ऑटो नॉयराथ यांनी १९२५ नंतर सामान्य कामगारांसाठी आकडेवारीची चित्रे करताना हाच नियम घालून दिला होता. जास्त दाखवायचे असेल तर चित्र मोठे करायचे नाही, तेवढ्याच आकाराची चित्रे जास्त काढायची.

या कामाचा आणखी एक जुना धागा आपल्या ओळखीचा आहे. अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. त्याच दु बॉइस यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी अटलांटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन साठेक तक्ते हाताने रंगवले. गुलामगिरीनंतरच्या काळात कृष्णवर्णीयांकडे किती जमीन आली, किती जण शिकले, कोण कोणत्या धंद्यात आहे, असे एकेका तक्त्यावर साधारण एकेक प्रश्न होता. प्रदर्शनातून चालत जाणारा माणूस जनगणनेचे खंड उघडणार नाही हे ओळखूनच ते काढले होते. आम्ही आमच्या पानावरचे अकरा आलेख पुसले, ते या तक्त्यांचे छापील नमुने पाहिल्यावर.

'वाढ' दाखवायची की नाही

सर्वांत जास्त वाद आमच्यात एका गोष्टीवर झाला. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या स्त्रियांचा आकडा ४८.० होता, तो ५४.२ झाला. मुलांचा ५३.८ होता, तो ६८.९ झाला. ही वाढ पानावर ठळक टाकावी असे काहींचे म्हणणे होते. लोक घाबरतील, म्हणजे तपासायला जातील, असा त्यामागचा विचार.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागल्या. पहिली भाषेची आहे. ५३.८ वरून ६८.९ म्हणजे 'पंधरा टक्क्यांनी वाढ' असे सर्रास लिहिले जाते. खरे तर हा १५.१ टक्के-बिंदूंचा फरक आहे. मूळ आकड्याच्या तुलनेत वाढ सुमारे २८ टक्के होते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एका पानावर हा फरक समजावून सांगायला जागा नाही. समजावले नाही तर कोणी पंधरा म्हणणार, कोणी अठ्ठावीस, आणि दोघेही आपल्याच पानाचा हवाला देणार.

दुसरी गोष्ट मोजण्याच्या पद्धतीची. या पाहणीत बोटाला सुई टोचून आलेल्या थेंबावर छोट्या यंत्राने हिमोग्लोबिन मोजतात. दारोदार जाऊन लाखो लोकांची तपासणी अशीच शक्य असते. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत मोजलेल्या आकड्याशी हा आकडा नेहमी तंतोतंत जुळत नाही, यावर तज्ज्ञांत वाद आहे. त्यानंतर सहाव्या फेरीतून हा भाग वगळून शिरेच्या रक्तावर आधारित वेगळी पाहणी करायचे सरकारने ठरवले. म्हणजे प्रमाण मोठे आहे यात शंका नाही, पण नेमके किती वाढले हे ठामपणे सांगताना जपून राहायला हवे. आम्ही वाढीचा आकडा पुढच्या बाजूने काढून टाकला. बाईला तपासणीला जायला 'निम्म्याहून जास्त' पुरेसे आहे. 'वाढते आहे' हे तिने का सिद्ध करावे?

'हे आमच्या वस्तीचे आहे का?'

हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि त्याचे उत्तर आधी ठरवलेले असावे. उत्तर 'नाही' असे आहे. महाराष्ट्रात या फेरीत ३१,६४३ घरे आणि ३३,७५५ स्त्रिया निवडून विचारपूस झाली. एवढ्या संख्येवरून राज्याचे चित्र चांगले कळते. जिल्ह्याची स्वतंत्र माहितीपत्रकेही निघतात, पण एका जिल्ह्याच्या वाट्याला आलेल्या स्त्रिया कमी असल्याने त्या आकड्यात मागे-पुढे होण्याची शक्यता जास्त असते. वस्तीबद्दल तर ही पाहणी काहीच सांगू शकत नाही.

म्हणून आमच्या पानावर 'नाशिकच्या' किंवा 'आपल्या वस्तीतल्या' असे शब्द नाहीत, 'महाराष्ट्रात' असा शब्द आहे. तो एक शब्द गाळला की पान खोटे होते. तसेच '५४ टक्के महिला' एवढेच लिहिले की साठीची आजी आणि दहा वर्षांची मुलगी दोघी त्यात मोजल्या जातात, आणि अहवाल तसे म्हणत नाही. पान लहान करताना सर्वांत आधी गळतात ते हेच दोन तपशील, कोणाबद्दल आणि कुठले. ते वाचवायला हवेत, बाकी विशेषणे गेली तरी चालतील.

अहवालात 'बौद्ध/नवबौद्ध' अशी वेगळी ओळही येते. ती उचलून मोठ्या अक्षरांत छापण्याचा मोह आम्हालाही झाला. समाजाच्या प्रश्नावर लेख लिहिताना ती ओळ जरूर वापरावी, तिथे तिला जागा आणि खुलासा देता येतो. या पानावर मात्र ती वाचून बाई स्वतःच्या तपासणीऐवजी आपण इतरांपेक्षा वर की खाली याचाच विचार करत बसली असती.

पान काढून दाखवा, पण समजावू नका

मसुदा तयार झाल्यावर आम्ही तो पाच जणींना एकेकटीला दाखवला. नियम असा की आपण काहीही समजावायचे नाही. पान हातात द्यायचे, दोन मिनिटे गप्प बसायचे आणि दोनच प्रश्न विचारायचे: 'ताई, यात काय सांगितलंय?' आणि 'मग उद्या काय करावं लागेल?' 'आवडलं का?' असे विचारायचे नाही, कारण आपल्या तोंडावर कोणी नाही म्हणत नाही.

पहिल्याच बाईने आम्हाला चकित केले. आमचे शीर्षक होते 'रक्तक्षय : एक गंभीर समस्या'. ती म्हणाली, "टीबीचं आहे ना हे? क्षयाचं." तिचे बरोबरच होते. घरात कोणाला क्षय झालेला तिने पाहिला होता आणि तो शब्द तिने शीर्षकातून उचलला. सरकारी कागदांत चालणारा शब्द वस्तीत दुसऱ्याच आजाराचा निघाला. 'ॲनिमिया' काहींना कळला, काहींना नाही. 'अंगात रक्त कमी' हे सगळ्यांना कळले, कारण त्या स्वतः तसेच बोलतात. शीर्षक बदलले.

दुसरी चूक चित्राची होती. आम्ही वरच्या कोपऱ्यात मोठा लाल थेंब काढला होता. दोघींना ते रक्तदान शिबिराचे पत्रक वाटले. थेंब काढला, त्या जागी बोटाला सुई टोचतानाचे साधे चित्र आले. तिसरी चूक अधिक खोल होती. एक मावशी अकरा रंगवलेल्या बायांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या आजारी दिसतायत. मी तर रोज कामावर जाते." रक्त कमी असलेली बाई अंथरुणाला खिळलेली असते, असा समज आमच्या चित्रानेच पक्का केला होता, कारण आम्ही त्या अकरा जणी वाकलेल्या काढल्या होत्या. मग वीसही जणी एकसारख्या उभ्या, कोणाच्या हातात डबा, कोणाच्या डोक्यावर टोपली, अशा काढल्या. फरक फक्त रंगाचा ठेवला. त्यांच्याखाली ओळ टाकली : 'कामावर जाणाऱ्या बाईचंही रक्त कमी असू शकतं.'

सुधारलेले पान दुसऱ्या पाच जणींना दाखवले. आधीच्या पाच जणींना दाखवून उपयोग नसतो, कारण त्यांना उत्तर आता माहीत असते. चौघींनी 'तपासून घ्यायचं' असे आपणहून सांगितले. एकीने 'पालक खायचा' म्हटले, तेव्हा तपासणीची ओळ आणखी वर आणून मोठी केली.

छपाईत काय बिघडते

असे पान संगणकाच्या पडद्यावर कोणी बघत नाही. ते झेरॉक्सच्या झेरॉक्सवर पोचते. लाल रंग काळ्या-पांढऱ्या प्रतीत करडा होतो आणि फिका निळाही करडाच होतो, मग रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या बाया एकच दिसतात. म्हणून रंगावर भिस्त ठेवू नये. अकरा जणी पूर्ण काळ्या भरलेल्या आणि नऊ जणी नुसत्या बाह्यरेषेच्या, असा फरक असावा. खात्री करायला एक प्रत काढा, त्या प्रतीची प्रत काढा आणि तिचीही प्रत काढा. तिसऱ्या प्रतीत बाया मोजता आल्या तर पान टिकेल.

मराठी अक्षरांचे वेगळे दुखणे असते. छापखान्यात जुना फॉन्ट वापरतात, आपण युनिकोडमध्ये टंकलेले तिथे बदलून घेतात आणि त्या बदलात रफार, वेलांटी किंवा जोडाक्षरे तुटतात. म्हणून छापण्याआधी कागदावरचा नमुना अक्षर अन् अक्षर वाचावा. दशांश चिन्ह तर हमखास हरवते. अक्षर सोळा पॉइंटपेक्षा लहान नको, कारण वर-खालच्या मात्रा आधी पुसट होतात. मर्यादेचा आकडा आम्ही मराठी आणि इंग्रजी दोन्ही अंकांत छापला. तपासणीच्या चिठ्ठीवर तो इंग्रजी अंकांत येतो आणि समोर हिमोग्लोबिनची दोन इंग्रजी अक्षरे असतात. ती चिठ्ठी कशी दिसते याचेही लहान चित्र दिले.

शेवटी पानावर काय राहिले

वरून खाली वाचत गेल्यास मजकूर एवढाच आहे :

'अंगात रक्त कमी आहे का? तपासून घ्या.
महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर २० बायांपैकी ११ जणींचं रक्त कमी आढळलं. कामावर जाणाऱ्या बाईचंही रक्त कमी असू शकतं.
सहा महिने ते पाच वर्षांच्या दर २० मुलांपैकी १४ मुलांचं रक्त कमी आढळलं.
सरकारी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. आकडा विचारा, लिहून ठेवा. १२ च्या खाली (गरोदर असाल तर ११ च्या खाली) असेल तर डॉक्टरांना किंवा आशाताईला दाखवा.
लोहाची गोळी दिली तर चहासोबत घेऊ नका. शौच काळी झाली तर घाबरू नका, गोळी बंद करू नका.'

सर्वांत खाली लहान अक्षरांत पाहणीचे नाव आणि वर्ष आहे.

'गोळ्या घ्या' असा सरळ आदेश मुद्दाम टाकलेला नाही. गरोदर बाईला सरकारी केंद्रातून चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, अशा १८० गोळ्या फुकट मिळतात आणि त्या घ्यायलाच हव्यात. हे आशाताई तिला समोर बसवून सांगते. पण रक्त कमी असण्याचे कारण नेहमी लोहाची कमतरता हेच नसते. सिकलसेल हे एक कारण आहे. हा आजार आदिवासी भागांत आढळतो, तसा विदर्भातल्या आपल्या समाजातही आढळतो. तिथले अनेक कुटुंबीय आज नाशिकमध्ये राहतात. अशा माणसाला कोणती गोळी द्यायची हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते, पत्रकाने नाही.

पानाच्या मागच्या बाजूला आम्ही कार्यकर्त्यांसाठी वेगळा मजकूर छापला : मूळ टक्केवारी, आधीच्या फेरीचे आकडे, किती स्त्रियांना विचारले, रक्त कसे मोजले, आम्ही काय गाळले आणि का. बैठकीत कोणी 'हे कुठून आणलं?' असे विचारले तर पान उलटायचे. पुढची बाजू ज्यांना अहवाल उघडायचा नाही त्यांची आहे, मागची बाजू ज्यांना शंका आहे त्यांची. नवीन फेरीचे आकडे आले की दोन्ही बाजू बदलाव्या लागतील, म्हणून छपाईची तारीखही टाकली आहे. भिंतीवर पाच वर्षे राहिलेले जुने पान कोणी पुन्हा झेरॉक्स करून वाटू नये, यासाठी ती तारीख शीर्षकाच्या शेजारीच आहे.